‘पाच वर्षं टॉवेलच्या धंद्यात यायचं नाही’: नोकरीच्या करारातलं हे कलम नव्याने कसं लिहावं

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा एक कारखाना समजा. मालक हुबळी, विजयपूर, कलबुर्गीकडची विक्री बघायला मार्केटिंग मॅनेजर नेमतो. त्याच्यापुढे सात-आठ पानांचा करार येतो आणि शेवटून दुसऱ्या पानावर हे कलम असतं:

“कर्मचाऱ्याने नोकरी सोडल्यास तो पुढील पाच वर्षे संपूर्ण भारतात, कंपनीशी समान अथवा स्पर्धात्मक कोणत्याही व्यवसायात प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्षपणे सहभागी होणार नाही. या अटीचा भंग झाल्यास तो कंपनीस दहा लाख रुपये देण्यास बांधील राहील.”

असली कलमं बहुतेक वेळा मोठ्या शहरातल्या कुठल्या तरी कंपनीच्या नमुन्यातून जशीच्या तशी उचललेली असतात. मालकाला वाटतं, माणूस बांधला गेला. माणसाला वाटतं, आपण अडकलो, आता दुसरीकडे दोन पैसे जास्त मिळत असले तरी जाता येणार नाही. माझं काम असे करार लिहून देण्याचं आणि तपासून देण्याचं आहे. या कलमाने मालकाचं खरोखर रक्षण झालेलं मी पाहिलेलं नाही. चांगली माणसं मात्र त्याच्या धाकाने वर्षानुवर्षं कमी पगारात बसून राहिलेली पाहिली आहेत. म्हणून हे एकच कलम हातात घेऊन ते कसं बदलायचं, ते नीट सांगतो.

कायदा नेमका काय म्हणतो

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम २७ चा आशय असा की, कोणालाही कायदेशीर व्यवसाय, धंदा किंवा उद्योग करण्यापासून रोखणारा करार हा त्या मर्यादेपर्यंत निरर्थक असतो. कायद्यात अपवाद एकच दिलाय: कोणी आपला धंदा नावलौकिकासह विकला, तर विकणाऱ्याने ठरावीक स्थानिक हद्दीत तोच धंदा करू नये, अशी वाजवी अट घालता येते. पगारदार माणूस धंदा विकत नसतो, त्यामुळे हा अपवाद त्याला लागू होत नाही.

इंग्लंडमध्ये नोकरीनंतरचं बंधनसुद्धा मुदत, हद्द आणि व्याप्ती वाजवी असेल तर टिकू शकतं. आपल्याकडेही तसं व्हावं, असं विधी आयोगाने १९५८ साली सुचवलं होतं, पण कायदा बदलला नाही. २००६ साली पर्सेप्ट डी’मार्क विरुद्ध झहीर खान या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की, कराराची मुदत संपल्यानंतर लागू होणारं बंधन टिकत नाही आणि तिथे ‘ते वाजवी आहे का’ हा प्रश्नच उद्भवत नाही. प्रकरण आपल्याच श्रीरामपूरच्या क्रिकेटपटूचं होतं, पण तत्त्व नोकरदारांनाही तितकंच लागू आहे.

मग मुदत, हद्द, व्याप्ती वाजवी करायची कशाला? कारण नोकरी चालू असतानाची गोष्ट वेगळी आहे. १९६७ सालच्या निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या निकालावर हा सगळा विषय उभा आहे. गोलिकरी टायरसाठी लागणाऱ्या धाग्याच्या विभागात शिफ्ट सुपरवायझर होते. करार पाच वर्षांचा होता. ते मध्येच सोडून राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात जास्त पगारावर गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरची मनाई कायम ठेवली. पण ती मनाई कशी होती ते बघण्यासारखं आहे: फक्त कराराची उरलेली मुदत, आणि फक्त त्या धाग्याच्या उत्पादनातलं शिफ्ट सुपरवायझरचं किंवा जवळपास तेच काम. ‘वस्त्रोद्योगात कुठेही पाऊल ठेवू नका’ असं कोणी म्हटलं नाही. न्यायालयाने हेही सांगितलं की, नोकरीच्या काळातलं बंधनसुद्धा फार जाचक, गैरवाजवी किंवा एकतर्फी असेल तर ते टिकणार नाही. वाजवीपणाची कसोटी आपल्याकडे मुख्यतः इथे लागते.

तेव्हा आपल्या कलमाचा कणा म्हणजे ‘नोकरीनंतर पाच वर्षं’ हे शब्दच निकामी आहेत. पाचाचं दोन केलं, भारताचं सोलापूर शहर केलं, तरी ते मनाईचंच कलम राहतं. न्यायालय स्वतः बसून ‘पाच वर्षं जास्त झाली, एक करून देतो’ असं सहसा करत नाही.

मालकाला भीती कशाची आहे?

कलम लिहायच्या आधी मी मालकाला एक प्रश्न विचारतो: हा माणूस उद्या शेजारच्या कारखान्यात गेला तर तुमचं नेमकं काय जाईल? पहिलं उत्तर असतं, “वकीलसाहेब, सगळंच जाईल की.” थोडं खोदून विचारलं की खरी यादी बाहेर येते आणि ती छोटी असते.

मार्केटिंग मॅनेजरच्या बाबतीत ती साधारण अशी निघते. हुबळीच्या बाजारातल्या दुकानाचं नाव हे काही गुपित नाही. पाटी वाचून ते कुणालाही कळतं. पण त्या दुकानाला आपण ४५ दिवसांची उधारी देतो, शेकडा पावणेचार सूट देतो आणि दिवाळीआधीच्या मोठ्या ऑर्डरवर आणखी एक टक्का सोडतो, हे फक्त आपल्या खात्यात असतं. सुताचा भाव वर गेला की आपण टॉवेलचा दर किती वाढवणार, हेही त्याला आधी कळतं. स्पर्धकाला ही माहिती मिळाली तर तो प्रत्येक दुकानदाराला आपल्यापेक्षा पाव टक्का जास्त सूट देऊन माल घालू शकतो. दुसरी भीती अशी की, नोकरीत असतानाच तो दुसऱ्याचा माल आपल्या गाडीतून, आपल्या खर्चाने विकेल. तिसरी अशी की, जाताना आपले दुकानदार सोबत घेऊन जाईल.

या तीन भीतींना एकाच कलमात कोंबू नये. डाईंग मास्टरची यादी अगदी निराळी निघेल. त्याला दुकानदार माहीत नसतात, पण ठरावीक ग्राहकाच्या शेडची रेसिपी त्याच्या वहीत असते. रिॲक्टिव्ह रंगाला आधी मीठ आणि मग सोडा लागतो, हे ज्ञान त्याचं स्वतःचं. ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही. त्या एका शेडचं टक्क्यांनिशी लिहिलेलं प्रमाण मात्र कारखान्याचं. त्याच्या करारात जिल्ह्यांची हद्द घालण्यात काही अर्थ नाही, कारण रेसिपी कुठेही नेता येते. म्हणून एकच नमुना सगळ्यांना चालत नाही.

पहिलं कलम: नोकरीत असताना

इथे बंधन पक्कं टिकतं, म्हणून इथेच सर्वांत जास्त काळजीने लिहावं. ‘प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष’ हे शब्द मी काढूनच टाकतो. कारण सांगतो. सोलापूरच्या पूर्व भागात कित्येक घरांत आजही यंत्रमाग आहेत. मॅनेजरचे वडील किंवा भाऊ चादर विणत असतील आणि त्या धंद्यात त्याचा कागदोपत्री हिस्सा असेल, तर ‘अप्रत्यक्ष सहभाग नको’ या वाक्याने तो रुजू झाल्या दिवसापासून करार मोडतोय. मालकाला हे ठाऊक असतं, तो काही बोलत नाही, आणि तीन वर्षांनी भांडण झालं की हाच मुद्दा पुढे येतो. त्यापेक्षा ते आधीच लिहून टाकावं.

तर नवं कलम असं:

“नोकरी चालू असेपर्यंत, नोटीसची मुदत धरून, कर्मचारी धारवाड, विजयपूर व कलबुर्गी या जिल्ह्यांतील घाऊक व किरकोळ दुकानदारांना टेरी टॉवेल विकणाऱ्या इतर कोणत्याही उत्पादकासाठी किंवा व्यापाऱ्यासाठी पगारावर, कमिशनवर किंवा भागीदारीत काम करणार नाही. परिशिष्ट ‘अ’ मध्ये कर्मचाऱ्याने जाहीर केलेल्या कौटुंबिक यंत्रमाग व्यवसायातील हिश्श्याला हे बंधन लागू नाही. मात्र त्या व्यवसायाचा माल तो कंपनीच्या दुकानदारांना विकणार नाही.”

मुदत, हद्द आणि व्याप्ती तिन्ही यात आहेत, आणि प्रत्येकीला कारण आहे. हद्द तीच, जिथे तो खरोखर फिरतो. उद्या त्याला सोलापूर ते हैदराबाद हा पट्टा दिला, तर कलमातली जिल्ह्यांची नावं बदलून दोघांनी सही करायची. ‘भारतभर’ लिहून ठेवायचं नाही. व्याप्ती टेरी टॉवेलपुरती, कारण कारखाना तेच बनवतो. चादरी, गणवेश, रेडिमेड यांना हात लावायचं कारण नाही.

मुदतीचं थोडं सविस्तर सांगायला हवं. मालकाला माणूस गेल्यावर सावरायला थोडा वेळ हवा असतो, ही गरज खोटी नाही. तो वेळ नोकरीनंतर मागण्याऐवजी नोटीसच्या मुदतीत मागावा. नोटीस ३० दिवसांची असेल तर ती ६० दिवसांची करा. मालकाला हवं असेल तर त्या दिवसांत त्याला पूर्ण पगार देऊन घरी बसवता येतं, दुकानदारांकडे न पाठवता. एवढ्या वेळात नवा माणूस हुबळीत फिरून येतो आणि दरपत्रकही बदललेलं असतं.

इथे एक खड्डा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने व्हीएफएस ग्लोबल विरुद्ध सुप्रित रॉय या प्रकरणात, नोकरी संपल्यावर तीन महिने पगार देऊन माणसाला घरी बसवण्याचं कलमही कलम २७ मध्ये अडकतं, असं धरलं. पैसे दिले म्हणून संपलेली नोकरी पुन्हा जिवंत होत नाही, असा त्याचा अर्थ. म्हणून करारात स्पष्ट लिहावं की नोटीसचा काळ हा नोकरीचाच भाग आहे, त्या काळात पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा सगळं चालू राहील आणि कार्यमुक्तीची तारीख ही नोटीस संपल्याची तारीख असेल. मालकाने आधीच मुक्त केलं तर बंधनही त्याच दिवशी संपलं. मला हे न्याय्य वाटतं: माणसाला थांबवायचं असेल तर त्याचा पगार चालू ठेवावा लागतो.

दुसरं कलम: गुपित माहिती

नोकरीनंतरही जे खात्रीने टिकण्यासारखं आहे ते हे. माणूस कुठेही काम करो, आपली गुपितं नेऊ शकत नाही. अट एकच: गुपित म्हणजे काय ते सांगता आलं पाहिजे. ‘कंपनीची सर्व माहिती गोपनीय आहे’ असं लिहिलं की काहीच गोपनीय राहत नाही, कारण न्यायालय विचारतं, नेमकी कोणती?

“कर्मचारी पुढील माहिती नोकरीत असताना व नोकरी संपल्यानंतर १२ महिने कोणालाही देणार नाही किंवा स्वतः वापरणार नाही: दुकानदारनिहाय सूट, उधारीचे दिवस व थकबाकी; अजून जाहीर न झालेले दरपत्रक; सूत खरेदीचा दर. जी माहिती बाजारात किंवा शासकीय नोंदीत उघड आहे, तसेच कर्मचाऱ्याचे सर्वसाधारण विक्रीकौशल्य, ती यात येत नाही.”

१२ महिनेच का? कारण दर आणि सूट वर्षभरात बदलते; त्यानंतर जुना आकडा कोणाच्या कामाचा नसतो. डाईंग मास्टरच्या रेसिपीला हा हिशोब लागू नाही. ती पाच वर्षांनीही तेवढीच उपयोगी असते, म्हणून तिथे ‘माहिती उघड होईपर्यंत’ असं लिहावं. मुदत गुपिताच्या आयुष्यावरून ठरवली की ती कोणालाही समजावता येते.

कागदाबरोबर व्यवहारही हवा. दुकानदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप मॅनेजरच्या स्वतःच्या नंबरवर चालत असेल, तर गोपनीयतेचं कलम कितीही चांगलं लिहा, माहिती त्याच्याच खिशात आहे. कंपनीचं सिम द्या, ग्रुपचा ॲडमिन कंपनी ठेवा, आणि शेवटच्या दिवशी सिम, ऑर्डरबुक आणि दरपत्रकं परत घेतल्याची पोच दोघांच्या सहीने करा. उद्या कोर्टात जायची वेळ आली तर ही एका पानाची पोच करारापेक्षा जास्त कामाला येते.

तिसरं कलम: दुकानदार

इथे मी मालकांना कधीच हमी देत नाही. नोकरी सोडलेल्याने जुन्या ग्राहकांकडे जाऊ नये, ही अट टिकते का, यावर न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ साली अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या प्रकरणात ग्राहकांची यादी म्हणजे बँकेची मिरासदारी मानली नाही. त्याच न्यायालयाने २००९ साली डेसिकंट रोटर्सच्या प्रकरणात माणसाला स्पर्धकाकडे नोकरी करू दिली, पण जुन्या ग्राहकांना स्वतःहून गाठायला मनाई केली. यातून वाट एवढीच दिसते की, कलम जितकं अरुंद, तितकी ते टिकण्याची आशा जास्त.

“नोकरी संपल्यानंतर ६ महिने, कर्मचारी परिशिष्ट ‘ब’ मधील दुकानदारांना टेरी टॉवेल विकण्यासाठी स्वतःहून संपर्क करणार नाही. परिशिष्ट ‘ब’ मध्ये शेवटच्या १२ महिन्यांत त्याने स्वतः ऑर्डर घेतलेल्या दुकानदारांचीच नावे असतील व ते कार्यमुक्तीच्या दिवशी दोघांच्या सहीने भरले जाईल. दुकानदाराने स्वतःहून संपर्क केल्यास किंवा कर्मचाऱ्याने दुसऱ्या जिल्ह्यात काम केल्यास या कलमाचा भंग होणार नाही.”

यात नोकरीला मनाई नाही. तो शेजारच्या कारखान्यात सोमवारी रुजू होऊ शकतो. फक्त वीस-तीस ठरावीक दुकानांचं दार सहा महिने स्वतःहून वाजवायचं नाही, एवढंच.

‘नोकरी संपल्यानंतर’ असं मी मुद्दाम लिहिलंय, ‘सोडल्यानंतर’ नाही. १९८० सालच्या सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध कृष्ण मुरगई या प्रकरणात बंधन फक्त दोन वर्षांचं आणि शेवटच्या नेमणुकीच्या गावापुरतं होतं. पण कंपनीनेच त्यांना काढलं होतं. तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी म्हटलं, कलम स्वतःहून सोडणाऱ्याला लागू आहे, काढलेल्याला नाही. तिसऱ्यांनी तर कलमच कायद्याविरुद्ध ठरवलं. कंपनी हरली. मालकाने स्वतः काढलेल्या माणसाला दुकानदारांच्या कलमातून सूट द्यावी, असं माझं मत आहे. ती द्यायची की नाही ते दोघांनी ठरवावं, पण जे ठरेल ते कागदावर दिसलं पाहिजे.

दहा लाखांचं काय?

मूळ अटच निरर्थक असेल तर तिच्या भंगाचा दंडही वसूल होत नाही. अट वैध असली तरी करार कायद्याच्या कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. त्याच्या आत वाजवी भरपाई मिळते. महिन्याला तीस हजार पगार असलेल्या माणसावर दहा लाख लिहिणं म्हणजे निव्वळ धाक. मी रकमेऐवजी ‘प्रत्यक्ष झालेले व सिद्ध करता येणारे नुकसान’ असं लिहितो. प्रशिक्षणावर खरंच खर्च केला असेल, तर त्याचं वेगळं कलम करावं. किमान तीन वर्षं नोकरी, नाहीतर दोन लाख रुपये, ही विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कायम ठेवली, कारण ती नोकरीच्या काळापुरतीच होती आणि नव्याने भरतीचा खर्च खराच होता. पुढे कुठे काम करायचं, यावर तिने बंधन घातलं नव्हतं.

तीन कलमं तीन जागी

कलम २७ मध्ये ‘त्या मर्यादेपर्यंत’ असे शब्द आहेत. म्हणजे वाईट भाग कापता आला तर चांगला भाग उरतो. पण सगळं एकाच लांब वाक्यात गुंफलं असेल तर कापणार कुठे? म्हणून वरची तिन्ही कलमं वेगळ्या क्रमांकांनी लिहा आणि एक कलम अवैध ठरलं तरी बाकीची चालू राहतील, असं नमूद करा. दुकानदारांचं कलम उद्या पडलं, तरी गुपितांचं उभं राहील.

नमुन्यातून उचललेल्या करारात ‘वाद मुंबईच्या न्यायालयात’ असंही असतं. कारखाना सोलापुरात, माणूस सोलापूरचा, करार इथेच झालेला. मग मुंबईच्या न्यायालयाचा संबंधच नसेल तर दोघांच्या संमतीनेही त्याला अधिकार देता येत नाही. तिथे सोलापूर लिहा. उच्च न्यायालयासाठीही आता मुंबईला जावं लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे सोलापूर जिल्हा आहे. करार इंग्रजीत असेल तर मराठी प्रत जोडा, आणि तफावत आढळल्यास कोणती प्रत ग्राह्य धरायची तेही लिहा.

जुन्या कलमावर आधीच सही झाली असेल तर मालकाने नोटीस बोर्डावर परिपत्रक लावून ते बदलत नाही. एका पानाचा पुरवणी करार करावा: ‘मूळ करारातील कलम अमुक पूर्णपणे रद्द करून त्याऐवजी पुढील कलमे लागू’ असं लिहून, तारीख घालून, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत कर्मचाऱ्याच्या हातात द्यावी. नोटीस वाढवणार असाल तर त्याच कागदावर मालकानेही माणसाला काढताना तितकीच नोटीस द्यायचं लिहावं. फक्त कर्मचाऱ्यावर ६० दिवस आणि मालकावर १५, असा कागद गोलिकरी निकालातल्या ‘एकतर्फी’ या शब्दाला आयतं निमंत्रण देतो.